मध्यस्थीसाठीचे एक पानी निवेदन: तक्रार आणि तडजोड यांतले अंतर

प्रश्न: «मी मिरजेत राहतो. मॉड्युलर किचनचे काम वर्षभरात फुगले, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. आता प्रकरण मध्यस्थीकडे गेले आहे. मध्यस्थांनी हकीकत, नुकसान आणि मान्य होईल अशी तडजोड एका पानात लिहून आणायला सांगितले. तक्रार चौदा पानांची आहे, ती एका पानात कशी बसवू? आणि कमीत कमी किती रकमेवर तयार आहे ते त्यात लिहायचे का?»

चौदा पाने एका पानात बसवण्याचा प्रयत्नच करू नये, असे मी सुरुवातीलाच सांगतो. तक्रार ज्या वाचकासाठी लिहिलेली असते तो निकाल देणारा असतो, आणि तुमचे म्हणणे बरोबर आहे हे त्याला पटवायचे असते. निवेदनाचा वाचक मध्यस्थ असतो. त्याला निकाल देण्याचा अधिकार नसतो, आणि कोण बरोबर हे ठरवणे त्याचे कामही नसते. दोन्ही पक्ष सही करतील असे काही या प्रकरणात आहे का, हे त्याला दहा मिनिटांत कळायला हवे. म्हणून हे पान शेवटाकडून लिहायला घ्यावे: आधी तडजोडीचा प्रस्ताव, मग त्या प्रस्तावातील प्रत्येक आकडा ज्यावर उभा आहे ते नुकसान, आणि मग ते नुकसान समजण्यापुरतीच हकीकत. कागदावर क्रम उलटा दिसेल, परंतु विचार याच क्रमाने केला म्हणजे पान आपोआप एकाच पानाचे राहते.

दुसऱ्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की तुमची शेवटची रक्कम या पानावर लिहू नये. हे निवेदन सामनेवाल्यांच्या हाती जाणार असे धरूनच लिहावे, आणि जो आकडा त्यांनी वाचला तो त्यांच्या दृष्टीने बोलणीची सुरुवात असतो. शेवटची रक्कम वेगळ्या कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवावी. त्याबद्दल पुढे लिहितो.

तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत आणि बरेचसे त्यांवरच अवलंबून आहे: कोटेशनमध्ये प्लायचा दर्जा लिहिला होता की नाही, पैसे बँकेतून दिले की रोखीने, काही रक्कम देणे बाकी आहे का. म्हणून विट्याच्या एका शिक्षक दांपत्याचे जवळपास असेच प्रकरण घेतो. ते मी चालवले होते. ओळख पटू नये म्हणून तारखा आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत.

त्यांनी 2,40,000 रुपयांना किचनचे काम ठरवले होते आणि कोटेशनमध्ये सर्व कपाटांचा सांगाडा मरीन प्लायचा, म्हणजे आयएस 710 दर्जाचा, असे स्पष्ट लिहिलेले होते. 2,20,000 रुपये बँकेतून दिले, 20,000 रुपये बाकी होते. काम पूर्ण झाल्यावर आठव्या महिन्यात सिंकखालची आणि शेजारची अशी तीन कपाटे फुगली, दारे बसेनाशी झाली. दुकानदाराचा माणूस येऊन पाहून गेला आणि पाइप गळतो, आमचा दोष नाही, असे सांगून गेला. प्लंबरने तपासले तेव्हा गळती आढळली नाही. पुढे सुताराने सुटलेले लॅमिनेट उचलले, तेव्हा त्याखालच्या प्लायवर आयएस 303, एमआर असा शिक्का दिसला. एमआर म्हणजे दमटपणा सहन करणारा साधा दर्जा. तो दिवाणखान्यातील कपाटाला चालतो, सिंकखाली टिकत नाही.

मूळ तक्रारीत त्यांनी दिलेले सर्व 2,20,000 रुपये परत, मानसिक त्रासाचे 1,00,000 आणि खर्चाचे 25,000, असे 3,45,000 रुपये मागितले होते. तक्रारीत अशी मागणी करण्यात गैर काही नाही. परंतु तीच मागणी निवेदनात उतरवली असती, तर नऊ-दहा कपाटे सुस्थितीत वापरात असताना सगळे पैसे परत कसे, हा सामनेवाल्यांचा पहिलाच प्रश्न झाला असता आणि पहिली बैठक त्याच वादात गेली असती.

आम्ही नुकसान पुन्हा मोजायला बसलो. प्लंबरची पावती 900 रुपयांची आणि सुताराच्या तपासणीची 1,500 रुपयांची होती. हे 2,400 रुपये खर्च झालेलेच होते. तीन कपाटे काढून मरीन प्लायमध्ये नव्याने करून बसवण्याचा दुसऱ्या कारागिराचा लेखी अंदाज 68,000 रुपयांचा आला. तिसरी गोष्ट अशी की उरलेली कपाटे फुगलेली नसली तरी तीही कमी दर्जाच्या प्लायची होती, म्हणजे ज्या मालाचे पैसे घेतले तो माल दिलाच नव्हता. पूर्ण कामाला 8 बाय 4 फुटांची 14 शीट लागली होती. एका शीटचे 32 चौरस फूट धरले तर एकूण 448 चौरस फूट होतात, आणि दोन दर्जांमधील फरक प्लायच्या दुकानातून चौरस फुटाला 45 रुपये असा लिहून मिळाला. हे 20,160 रुपये होतात.

इथे एक चूक होण्याच्या बेतात होती, आणि ती मी अनेक निवेदनांत पाहतो. बदलायच्या तीन कपाटांना 14 पैकी 5 शीट लागणार होती, आणि त्यांचा मरीन प्लायचा खर्च 68,000 मध्ये आलेलाच होता. त्यांवरचा फरक पुन्हा मागणे म्हणजे एकच नुकसान दोनदा मोजणे. म्हणून फरक उरलेल्या 9 शीटचाच धरला: 288 चौरस फूट गुणिले 45, म्हणजे 12,960 रुपये. सामनेवाल्यांचा वकील अशी दुहेरी मोजणी पाच मिनिटांत पकडतो, आणि ती पकडली गेली की तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही मध्यस्थाचा विश्वास उडतो. आपल्या निवेदनातली प्रत्येक रक्कम दुसऱ्या रकमेच्या पोटात तर बसत नाही ना, हे पेन हातात घेऊन तपासावे.

अशा रीतीने 68,000, 2,400 आणि 12,960 मिळून 83,360 रुपये झाले. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च यांचा हिशोब कागदावर सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्ही मिळून 15,000 रुपये धरले आणि ही रक्कम मोजलेली नसून ठरवलेली आहे, असे निवेदनात साफ लिहिले. बाकी असलेले 20,000 रुपये वजा केले. पुष्कळ तक्रारदार ही बाकी लिहीतच नाहीत, कारण सामनेवाले ती काढतील तेव्हा पाहू असे त्यांना वाटते. ते काढतातच, आणि मग तुम्ही लपवाछपवी करणारे ठरता.

याबाबत मला एका अशिलाचे प्रकरण आठवते, आणि त्यात चूक माझीही होती. सांगलीत नदीच्या बाजूच्या वस्तीतले घर, लाकडी फर्निचर खराब झाल्याची तक्रार. 2021 च्या जुलैतील महापुरात त्यांच्या अंगणापर्यंत पाणी आले होते, घरात शिरले नव्हते. पण अंगणापर्यंत आल्याचा उल्लेखच आम्ही निवेदनात केला नाही. बैठकीत सामनेवाल्यांनी गल्लीतील पाण्याचे फोटो टेबलावर ठेवले. पाणी आत आलेच नव्हते हे आम्ही किती सांगितले तरी त्यानंतर ते पटवणे अवघड गेले, कारण ती गोष्ट त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर आली होती. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: आपल्याविरुद्ध जाणारी जी वस्तुस्थिती सामनेवाल्यांना माहीत आहे, ती आपणच, आपल्या शब्दांत, कागदासह लिहायची.

विट्याच्या प्रकरणात अशी गोष्ट म्हणजे पाइपगळतीचा आरोप. तो टाळण्याऐवजी आम्ही त्याला दोन वाक्ये दिली. एक, प्लंबरच्या लेखी अहवालात गळती नाही. दुसरे आणि जास्त वजनाचे, की सिंकखाली कधी तरी पाणी सांडणार हे गृहीत धरूनच मरीन प्लाय घेतला जातो. आयएस 710 च्या चाचणीत त्याचे नमुने 72 तास पाण्यात उकळले जातात. म्हणजे थोडी गळती झाली होती असे वादासाठी मान्य केले, तरी ठरलेल्या दर्जाचा माल आठ महिन्यांत असा फुगला नसता. सामनेवाल्यांचा बचाव खरा धरूनही आपली बाजू उभी राहते, असे दाखवणारे एखादे वाक्य तुमच्या प्रकरणात सापडते का ते शोधा; सापडले तर पानावरची दोन ओळींची जागा त्यालाच द्या.

प्रस्तावाबद्दल माझा आग्रह असा असतो की त्यात शक्यतो दोन पर्याय असावेत आणि ते दोन्ही तुम्हाला मनापासून चालणारे असावेत. 68,000 रुपये रोख देणे दुकानदाराला जड जाते, परंतु तेच काम त्याच्या कारखान्यात त्याच्याच माणसांकडून करून देणे त्याला बरेच स्वस्त पडते. तुम्हाला मिळणारे तेच, पण त्याला लागणारे कमी, अशी जागा जिथे असते तिथे तडजोड होते. अर्थात त्याच्या कामावर तुमचा विश्वासच उरलेला नसेल, तर कामाचा पर्याय देऊ नका, कारण तोच मान्य झाला तर मागे फिरता येत नाही.

आता प्रत्यक्ष निवेदन देतो. वरच्या बाजूला तक्रार क्रमांक, दोन्ही पक्षांची नावे आणि बैठकीची तारीख असते. ते सोडून मजकूर असा होता:

«हे निवेदन केवळ मध्यस्थीच्या कामासाठी असून तक्रारीतील आमच्या हक्कांना बाधा न आणता दिले आहे.

हकीकत: दि. 12 जानेवारी 2024 च्या कोटेशननुसार सामनेवाल्यांनी आयएस 710 दर्जाच्या मरीन प्लायमध्ये किचनचे काम 2,40,000 रुपयांत करण्याचे मान्य केले (कागद 1). आम्ही 2,20,000 रुपये बँकेतून दिले (कागद 2). 20,000 रुपये देणे बाकी आहे. काम 28 मार्च 2024 रोजी पूर्ण झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये सिंकखालची व शेजारची अशी तीन कपाटे फुगली. आम्ही 3 डिसेंबर रोजी कळवले. 10 डिसेंबर रोजी सामनेवाल्यांच्या माणसाने पाहणी केली (कागद 3). सुटलेल्या लॅमिनेटखालील प्लायवर आयएस 303, एमआर असा शिक्का आहे (फोटो, कागद 4).

मतभेद: सामनेवाल्यांच्या मते पाइपगळतीमुळे कपाटे फुगली. प्लंबरच्या अहवालात गळती आढळलेली नाही (कागद 5). गळती होती असे धरले तरी ठरलेल्या दर्जाचा प्लाय आठ महिन्यांत फुगला नसता, असे आमचे म्हणणे आहे. उरलेली कपाटे आज वापरात आहेत.

नुकसान: तीन कपाटे नव्याने करण्याचा अंदाज 68,000 रुपये (कागद 6). तपासणीचा खर्च 2,400 रुपये (कागद 5 व 7). उरलेल्या 9 शीटच्या दर्जातील किमतीचा फरक 12,960 रुपये (कागद 8). एकूण 83,360 रुपये. याशिवाय त्रास व खर्चापोटी 15,000 रुपये. ही रक्कम हिशोबाने काढलेली नसून तडजोडीसाठी सुचवलेली आहे.

प्रस्ताव, पर्याय एक: सामनेवाल्यांनी करारापासून 30 दिवसांत तीन कपाटे आयएस 710 प्लायमध्ये नव्याने करून बसवावीत, लॅमिनेट लावण्यापूर्वी प्लायवरील शिक्का आम्हाला दाखवावा, खरेदीच्या बिलाची प्रत द्यावी आणि जुनी कपाटे स्वखर्चाने न्यावीत. उर्वरित 30,360 रुपयांतून बाकी 20,000 रुपये वजा करून 10,360 रुपये द्यावेत. पर्याय दोन: काम न करता 98,360 रुपयांतून बाकी वजा करून 78,360 रुपये 30 दिवसांत आमच्या बँक खात्यात जमा करावेत. पर्याय एक मुदतीत पूर्ण न झाल्यास पर्याय दोनची रक्कम देय होईल. दोन्हींपैकी कोणत्याही पर्यायाने तक्रार पूर्णपणे मिटेल.»

यात काय नाही तेही पाहा. फसवणूक, लबाडी, बनावट असे शब्द नाहीत. एक तर असे शब्द वाचून सामनेवाले बचावाच्या पवित्र्यात जातात. शिवाय 2020 च्या ग्राहक मध्यस्थी नियमांनुसार गंभीर फसवणूक, कागदपत्रे बनावट करणे अशा आरोपांची प्रकरणे मध्यस्थीकडे पाठवायची नसतात. तडजोडीला बसून तसे आरोप लिहिणे म्हणजे आपणच बसलेली फांदी तोडणे. शिक्का काय आहे ते लिहा, फोटो जोडा. निष्कर्ष वाचणारा काढतो. फोनवरचे शब्दशः संवाद, शेजाऱ्यांची मते, कायद्याची कलमे हेही गाळावे. कलमे मध्यस्थाला माहीत असतात.

प्रस्तावाची वाक्ये इतकी बारीक का, याला कारण आहे. तडजोड झाली की ती लेखी होते, दोन्ही पक्ष सही करतात, मध्यस्थ ती अहवालासह आयोगाकडे पाठवतात, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आयोग अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत तडजोड नोंदवून आदेश करतो. जिल्हा आयोगाच्या या आदेशावर अपील नाही. आदेश पाळला नाही तर त्याची अंमलबजावणी मागता येते, पण कशाची मागायची हे आदेशात नीट असेल तरच. ‘कपाटे समाधानकारकरीत्या दुरुस्त करून देऊ’ अशी तडजोड मी पाहिली आहे. पुढे समाधान कोणाचे यावरच नवा वाद उभा राहिला. त्याऐवजी कोणता दर्जा, किती कपाटे, किती दिवस, कशावरून ओळखायचे आणि न झाल्यास किती रक्कम, ही पाच उत्तरे निवेदनातच असली तर मध्यस्थ बहुधा तेच शब्द करारात घेतात.

आता त्या वेगळ्या कागदाकडे येतो. विट्याच्या त्या दोघांनी बैठकीच्या आदल्या रात्री त्यावर एवढेच लिहिले होते: तीन कपाटे नव्याने मिळाली आणि 20,000 ची बाकी माफ झाली तर रोख न घेता मिटवू, फक्त रोख असेल तर 60,000 च्या खाली नाही. हे आकडे त्यांनी मनात आले म्हणून लिहिले नव्हते. प्रकरण चालवले तर प्लायची प्रयोगशाळेत तपासणी, तारखांना विट्याहून सांगलीला येणे, निकालानंतर सामनेवाले अपिलात जाण्याची शक्यता, आणि तोपर्यंत फुगलेल्या कपाटांसह स्वयंपाकघर चालवणे, या सगळ्याची किंमत त्यांनी बसून विचारात घेतली होती. पुरावा कमजोर असेल, समजा शिक्का सापडलाच नसता, तर ही रेषा आणखी खाली न्यावी लागली असती. घरातील ज्या व्यक्तीच्या संमतीशिवाय तुम्ही सही करणार नाही, तिच्यासमवेतच हा कागद लिहावा. मध्यस्थ दोन्ही पक्षांशी स्वतंत्रपणेही बोलतात. तेव्हा ही रेषा सांगायची झाल्यास ती सामनेवाल्यांना कळवू नये असे आधी स्पष्ट सांगून मगच सांगावी. मध्यस्थीत केलेले प्रस्ताव आणि दिलेली कबुली पुढे आयोगासमोर पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे बोलणी फिसकटली तरी तुमची मूळ तक्रार जिथल्या तिथे राहते.

त्यांचे प्रकरण दुसऱ्या बैठकीत मिटले. दुकानदाराने कपाटे करून देण्याचे आणि बाकी सोडण्याचे मान्य केले, रोख 10,360 रुपयांना नकार दिला. कागदावरील रेषेशी ते जुळत होते, म्हणून दोघांनी तिथेच होकार दिला. शिक्का दाखवण्याची अट मात्र त्यांनी सोडली नाही, आणि मला ती 10,360 रुपयांपेक्षा मोलाची वाटते.

तुमच्या बाबतीत उरते ते एवढे. कोटेशनमध्ये दर्जा लिहिलेला नसेल, तर ‘दर्जातील फरक’ ही रक्कम निवेदनात घेऊ नका. फुगलेल्या कपाटांचा खर्च आणि तपासणीचा खर्च यांवरच उभे राहा, कारण न ठरलेल्या दर्जाचा फरक मागता येत नाही. दुकानदाराने जाहिरातपत्रकात किंवा व्हॉट्सॲपवर दर्जा सांगितला असेल, तर तो कागद 1 म्हणून चालेल. निवेदनाच्या तीन प्रती, कागदांचा एक संच क्रमांक घालून, आणि सुटलेल्या लॅमिनेटखालचा शिक्का दिसणारा प्लायचा तुकडा मिळत असेल तर तोही पिशवीत घालून न्या. सामनेवाल्यांकडून मालक स्वतः न येता दुकानातला माणूस आला, तर त्याच्याकडे सही करण्याचे अधिकारपत्र आहे का, हे बोलणी सुरू होण्यापूर्वीच मध्यस्थांना विचारायला सांगा.